कायद्याची सहा लॅटिन सूत्रे : जोड्या लावा चाचणी आणि त्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर भागातल्या एका तालुका कोर्टात मी वकिली करतो. सुट्टीच्या शनिवारी लॉच्या पहिल्या वर्षाची मुलं, एमपीएससीची तयारी करणारे आणि निव्वळ हौसेनं येणारे दोन-चार शेतकरी यांना घेऊन ही चाचणी घेतो. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

चाचणी नेमकी कशी असते?

तीन रकाने असतात. पहिल्यात सूत्र, दुसऱ्यात अर्थ, तिसऱ्यात आपल्याकडचा एखादा प्रसंग. तिन्हींची साखळी जुळली तरच गुण. नुसता अर्थ जुळवला तर शून्य, कारण अर्थ गाइडातून पाठ होतो आणि घोटाळा होतो तो प्रसंगाशी. खालचे रकाने वाचा, कागदावर उत्तरं लिहा आणि मगच पुढं या.

सूत्रे:

१. डॅम्नम साइन इंज्युरिया
२. इंज्युरिया साइन डॅम्नो
३. नेमो डॅट क्वॉड नॉन हॅबेट
४. इग्नोरन्शिया ज्युरिस नॉन एक्स्क्यूसॅट
५. ऑडी अल्टरम पार्टेम
६. व्होलेन्टी नॉन फिट इंज्युरिया

अर्थ:

अ. दुसऱ्या बाजूचंही म्हणणं ऐका.
आ. जे स्वतःजवळ नाही ते कुणी दुसऱ्याला देऊ शकत नाही.
इ. तोटा झाला, पण कायद्यानं दिलेला हक्क मोडला नाही.
ई. कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही.
उ. राजीखुशीनं धोका पत्करला, तर त्या धोक्याबद्दल दाद मागता येत नाही.
ऊ. हक्क मोडला, पण तोटा झाला नाही.

प्रसंग:

क. शेजाऱ्यानं तुमच्या पडीक वावरातून न विचारता ट्रॅक्टर नेला. वावरात पीक नव्हतं, काहीच बिघडलं नाही.
ख. जत्रेच्या फडात कुस्ती लागली. समोरच्यानं नियमातला डाव टाकला आणि पैलवानाचा खांदा निखळला.
ग. अर्धलीनं सांभाळायला दिलेली म्हैस सांभाळणाऱ्यानं परस्पर बाजारात विकली.
घ. शेजाऱ्यानं स्वतःच्या रानात खोल बोअर घेतला आणि महिनाभरात तुमची विहीर आटली.
च. बापानं सोळा वर्षांच्या पोराच्या हातात मोटारसायकल दिली. पकडल्यावर म्हणाला, "असा कायदा हाय हे मला काय माहीत, साहेब?"
छ. वडील वारल्यावर वारसाचा फेरफार मंजूर झाला. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बहिणीला नोटीसच गेली नाही.

बरोबर उत्तरं कोणती?

१-इ-घ, २-ऊ-क, ३-आ-ग, ४-ई-च, ५-अ-छ, ६-उ-ख.

पहिल्या दोघांची अदलाबदल झाली असेल तर वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यात जास्त चुका तिथंच होतात.

पहिल्या दोन सूत्रांत इतका गोंधळ का होतो?

दोष 'इंज्युरिया' या शब्दाचा आहे. इंग्रजी शाळेत शिकलेल्याला तो 'इंजुरी' वाटतो, आणि आपल्या कानाला त्यातून 'इजा' ऐकू येते. मग विहीर आटली म्हणजे इजा झाली, असं धरून मंडळी बोअरचा प्रसंग दुसऱ्या सूत्राला चिकटवतात. लॅटिनमध्ये मात्र त्या शब्दाच्या पोटात 'जुस' म्हणजे हक्क, कायदा आहे, आणि 'इन' लागून त्याचा नकार झालाय. इंज्युरिया म्हणजे हक्काचा भंग. अंगाला जखम झाली की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. 'डॅम्नम' म्हणजे तोटा, आणि 'साइन' म्हणजे वाचून, शिवाय.

म्हणून प्रसंग वाचला की आधी तोट्याकडं बघू नका. तोटा डोळ्यात भरतो, तो आपोआप दिसतोच. पहिला प्रश्न असा विचारा: इथं कुणाचा, कोणता हक्क मोडला? हक्काचं नाव घेता आलं पाहिजे. 'माझं नुकसान झालं' हे हक्काचं नाव नव्हे.

पण विहीर आटली, रान वाळलं, तरी हक्क मोडला नाही हे पटत नाही.

शेतकरी मंडळी इथं चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला समजतं. उन्हाळ्यात आठवड्याला एक टँकर ज्या गावात येतो, तिथं आटलेल्या विहिरीला 'हक्कभंगाविना तोटा' म्हणणं म्हणजे जखमेवर मीठच.

तरी कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. जमिनीखाली ठरावीक प्रवाह नसलेलं, मातीत-मुरमात झिरपत फिरणारं पाणी ज्याच्या हद्दीत सापडेल त्यानं ते उपसावं, असा जुना नियम आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ७ खाली दिलेल्या उदाहरणांतही तो आलाय. तुमच्या विहिरीत काल जे पाणी होतं ते उद्याही तिथंच राहावं, असा हक्क कायद्यानं तुम्हाला दिलेलाच नाही. हक्क नाही, तर तो मोडणार कसा?

यावरचा गाजलेला निकाल इंग्लंडचा आहे. पिकल्स नावाच्या एका जमीनमालकानं स्वतःच्या जमिनीत खोदकाम करून ब्रॅडफर्ड शहराला जाणारं झिरपतं पाणी अडवलं. त्याचा हेतू काही साजूक नव्हता. पालिकेनं आपली जमीन चांगल्या भावानं विकत घ्यावी, असा त्याचा डाव असल्याचा आरोप होता. १८९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं सांगितलं की जे कृत्य मुळात कायदेशीर आहे ते वाईट हेतूमुळं बेकायदा होत नाही. शेजाऱ्यानं तुमच्यावर खुन्नस काढायला बोअर मारला, तरी तेवढ्यानं तुमचा हक्क उभा राहत नाही.

आता याची मर्यादा, कारण प्रसंगात एक गोष्ट बदलली की उत्तर फिरतं. पाणी जमिनीखाली का होईना, पण माहीत असलेल्या ठरावीक प्रवाहातून येत असेल तर नियम वेगळा. बोअर गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ असेल तर राज्याच्या भूजल कायद्याचे निर्बंध लागतात, आणि मग सूत्र दाखवून सुटका नाही. बोअर मारताना शेजाऱ्याची गाडी तुमच्या बांधावरून आत घुसली असेल तर ते अतिक्रमण आहे. तिथं हक्क मोडला, पण तो जमिनीचा, पाण्याचा नव्हे.

बोअर पटत नसेल त्याला मी शाळेचं उदाहरण देतो. १४१० साली ग्लॉस्टरमध्ये एका मास्तरानं जुन्या शाळेसमोर दुसरी शाळा काढली. स्पर्धेत जुन्या मास्तरांना तिमाहीची फी चाळीस पेन्सवरून बारा पेन्सवर आणावी लागली. ते कोर्टात गेले आणि हरले. समोर शाळा काढू नये, असा हक्क त्यांना नव्हता. आपल्याकडं एका कोचिंग क्लाससमोर दुसरा क्लास उघडतो तेव्हा हेच होतं. नव्या क्लासवाल्यानं जुन्याच्या नावासारखंच नाव लावून पोरांना फसवलं, तर मात्र हक्क मोडतो.

ट्रॅक्टरनं तर काहीच बिघडलं नाही. मग दावा कशासाठी करायचा?

तुमच्या जमिनीत परवानगीशिवाय पाऊल न पडणं हाच तुमचा हक्क आहे. पाऊल पडलं त्या क्षणी तो मोडला. नुकसान सिद्ध करण्याची गरज नाही. कोर्ट नाममात्र भरपाई देईल, अगदी शंभर रुपये म्हणा, पण खरी किंमत पुढच्या मनाई हुकुमाची असते. आज गप्प बसलात की उद्या तिथं गाडीवाट पडते आणि परवा 'ही वाट आमच्या आज्यापासूनची' असा अर्ज येतो.

हे सूत्र ज्या खटल्यामुळं शिकवलं जातं तो मतदानाचा आहे. १७०३ चा ॲश्बी विरुद्ध व्हाइट. मतदार असूनही ॲश्बीला मत देऊ दिलं नाही. गंमत अशी की ज्याला तो मत देणार होता तो उमेदवार निवडूनही आला, म्हणजे तोटा काडीचा नाही. खालच्या कोर्टातल्या चौघांपैकी तिघा न्यायाधीशांनी दावा फेटाळला, एकटे मुख्य न्यायाधीश होल्ट ॲश्बीच्या बाजूनं राहिले, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सनं शेवटी होल्ट यांचंच मत उचललं.

इथं माझी एक चूक कबूल करतो. पहिल्यांदा ही चाचणी घेतली तेव्हा मी प्रसंगात फक्त 'शेजाऱ्यानं तुमच्या वावरातून ट्रॅक्टर नेला' एवढंच लिहिलं होतं. मागच्या बाकावरचा एक म्हातारा शेतकरी उठला आणि म्हणाला, "वकीलसाहेब, त्या वावरातून गाडीवाट असंल तर?" बरोबर होतं त्याचं. वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्कानं वापरलेली वाट असेल तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ खाली शेजाऱ्याचाच सुविधाधिकार, म्हणजे तुमच्या जमिनीतून ये-जा करण्याचा हक्क, पिकलेला असू शकतो, आणि मग कसलाच हक्क मोडत नाही. तेव्हापासून 'न विचारता' हे शब्द घातले. खरं तर तेही पुरेसे नाहीत, पण चाचणीचा प्रसंग चार ओळींच्या पुढं गेला की कुणी वाचत नाही.

म्हशीच्या प्रसंगात पावती असूनही घेणाऱ्याला म्हैस का मिळत नाही?

हा प्रसंग पूर्ण उलगडून सांगतो, कारण यात सूत्राची ताकद आणि त्याची कमजोरी दोन्ही दिसतात.

समजा, मालकानं चाळीस हजारांची वगार अर्धलीनं दिली. बोली अशी, की जनावर मालकाचं, चारा-पाणी आणि राबणूक सांभाळणाऱ्याची, आणि विकताना चाळीस हजारांवर जे काही येईल ते निम्मं-निम्मं. दोन वर्षांत वगारीची म्हैस झाली, व्याली. सांभाळणाऱ्याला पैशाची नड आली. त्यानं मालकाला न सांगता उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात म्हैस नेली आणि ब्याऐंशी हजाराला एका परक्या गावच्या माणसाला विकली. पावती झाली, पैसे रोख झाले, म्हैस टेम्पोत चढली.

पंधरा दिवसांनी मालक घेणाऱ्याच्या दारात उभा. घेणारा म्हणतो, "पावती हाय की माझ्याजवळ. भर बाजारात घेतलीय, चोरून नाही."

मालविक्री कायदा, १९३० चं कलम २७ इथं लागतं. विकणारा मालक नसेल आणि मालकाची परवानगीही नसेल, तर घेणाऱ्याला विकणाऱ्यापेक्षा चांगला हक्क मिळत नाही. सांभाळणाऱ्याकडं ताबा होता, मालकी नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पावती व्यवहार झाल्याचा पुरावा आहे, विकणारा मालक असल्याचा नाही. म्हैस मालकाची.

'भर बाजारात' या शब्दांना आपल्याकडं उगाच वजन दिलं जातं. त्याला एक जुना इतिहास आहे. इंग्लंडमध्ये उघड्या बाजारातल्या खरेदीला संरक्षण देणारा नियम खरोखर होता, आणि तो तिथंसुद्धा १९९५ पासून रद्द झाला. आपल्या १९३० च्या कायद्यात तो घेतलेलाच नाही. त्यामुळं बाजार हाळीचा असो की आणखी कुठला, जनावराची मालकी बाजारामुळं बदलत नाही.

मग घेणाऱ्याचे ब्याऐंशी हजार बुडाले का?

बुडाले नाहीत, पण ते मालकाकडून मागता येत नाहीत. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे, ही अट प्रत्येक विक्रीत न बोलता धरलेली असते. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये ती आहे. अट मोडली म्हणून घेणाऱ्यानं विकणाऱ्याकडून पूर्ण रक्कम परत मागायची. मधल्या पंधरा दिवसांत दूध काढलं म्हणून रक्कम कमी होते का, असं पोरं विचारतात. १९२३ च्या एका इंग्लिश खटल्यात चोरीची निघालेली मोटार घेणाऱ्यानं चार महिने वापरली होती, तरी कोर्टानं त्याला पूर्ण पैसे परत दिले. मालकीच मिळाली नव्हती, मग मोबदला कशाचा, असा त्यामागचा विचार. विकणाऱ्यावर विश्वासघाताचा गुन्हाही होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१६ आहे. अडचण एवढीच की असा विकणारा बहुधा पैसे खर्च करून बसलेला असतो. हुकूमनामा हातात येतो, वसुली होत नाही.

नेमो डॅट नेहमीच लागू होतं का?

नाही, आणि चाचणीच्या दुसऱ्या फेरीत मी नेमकं हेच विचारतो. म्हैस तीच, बाजार तोच, बोली तेवढी बदलतो. समजा, म्हैस दोघांनी निम्मे-निम्मे पैसे घालून घेतली आणि एकाच्या गोठ्यात दुसऱ्याच्या संमतीनं राहिली. आता गोठेवाला मालकही आहे, अर्धा का होईना. सहमालकांपैकी एकाकडं इतरांच्या परवानगीनं एकट्याचा ताबा असेल आणि घेणाऱ्यानं काहीही माहीत नसताना प्रामाणिकपणे माल घेतला, तर कलम २८ खाली घेणाऱ्याला पूर्ण मालकी मिळते. म्हैस परत नाही. दुसऱ्यानं आपला वाटा गोठेवाल्याकडून वसूल करावा.

म्हणजे 'अर्धलीनं' हा एक शब्द ऐकून उत्तर देता येत नाही. अर्धली नफ्याची होती की मालकीची, हे आधी विचारावं लागतं. गावात हे करार तोंडी असतात आणि भांडण लागल्यावर दोघांनाही आपापल्या सोयीची बोली आठवते.

दुसरा अपवाद दलालाचा. मालकानंच म्हैस विकायला दलालाच्या ताब्यात दिली, 'नव्वदच्या खाली द्यायची नाही' असं बजावलं, आणि दलालानं धंद्याच्या रीतीनं पंच्याऐंशीला देऊन टाकली. घेणाऱ्याला ही आतली बोली माहीत नव्हती, तर म्हैस त्याची. मालकानं दलालाशी भांडावं.

सातबारावर नाव आहे, म्हणजे तो विकू शकतो ना?

हा प्रश्न म्हशीनंतर हमखास येतो. सातबारा आणि फेरफार महसुलासाठीच्या नोंदी आहेत. त्या खऱ्या मानून चालतात, पण त्या मालकी निर्माण करत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा पुन्हा सांगितलंय. एकट्या भावाचं नाव असलेली सामायिक जमीन त्यानं सगळी विकली, तर साधारणपणे घेणाऱ्याला त्याच्या वाट्यापुरतंच मिळतं. याला अपवाद आहेत, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४१ त्यातला मोठा. पण तिथं घेणाऱ्यानं रीतसर चौकशी केली होती का हे पाहिलं जातं. नुसता सातबारा बघून घेतली, एवढी चौकशी बहुतेकदा पुरत नाही.

बहिणीच्या फेरफाराला मी नेमो डॅट लावलं. चूक का?

जमीन दिसली की नेमो डॅट, अशी सवय लागते म्हणून. त्या प्रसंगात अजून कुणी कुणाला काही विकलेलं नाही. दुखणं वेगळंच आहे: तिच्या नावावर परिणाम होणारा निर्णय तिला न विचारता झाला. म्हणून ऑडी अल्टरम पार्टेम. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० मध्ये हितसंबंधितांना नोटीस देण्याची तरतूद याचसाठी आहे. प्रत्यक्षात नोटीस चावडीवर चिकटते, भाऊ सही करतात आणि बहिणीला रक्षाबंधनाला माहेरी आल्यावर कळतं. तिनं प्रांताकडं अपील करायचं.

एक बारकावा ध्यानात घ्या. बहिणीनं आधीच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं असेल, तरी तिला ऐकायला हवं होतंच. ऐकलं असतं तर निकाल बदलला असता का, हा पुढचा प्रश्न. कोर्टं तोही विचारतात, आणि काहीच बदललं नसतं असं दिसलं तर फेरफार कायमही ठेवतात. सूत्र ऐकून घेण्याची हमी देतं, जिंकण्याची नाही.

"माहीत नव्हतं" हे कधीच चालत नाही का?

कायदा माहीत नसणं चालत नाही. वस्तुस्थिती माहीत नसणं चालू शकतं. मोटारसायकलचा प्रसंग मी मुद्दाम निवडला, कारण दोन्ही एकाच कलमात सापडतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं. अल्पवयीनानं वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. आता दोन बाप बघा. पहिला म्हणतो, "सोळा वर्षांच्या पोराला गाडी देणं गुन्हा हाय हे माहीत नव्हतं." याला दार बंद. दुसरा म्हणतो, "मी दवाखान्यात होतो, पोरानं किल्ली लपवलेल्या जागेवरून काढून गाडी नेली, मला पत्ताच नव्हता." त्यानं हे सिद्ध केलं तर तो सुटू शकतो, कारण त्याच कलमात तशी सूट आहे. सिद्ध करण्याचा भार मात्र बापावर, कारण गाडी त्याच्या संमतीनंच गेली असं कायदा आधी धरून चालतो.

या सूत्राच्या जोडीनं वर्गात नेहमी सांगितला जाणारा भारतीय खटला म्हणजे महाराष्ट्र राज्य विरुद्ध जॉर्ज, १९६५. नोव्हेंबर १९६२ मध्ये एक परदेशी प्रवासी झुरिचहून मनिलाला निघाला होता. मुंबईत विमान थांबलं तेव्हा त्याच्या अंगावरच्या जाकिटात चौतीस किलो सोनं सापडलं. सोनं पुढं न्यायचं असेल तर ते विमानाच्या मालयादीत दाखवलं पाहिजे, अशी रिझर्व्ह बँकेची अधिसूचना तो निघण्याच्या तीनच दिवस आधी राजपत्रात छापून आली होती. झुरिचमध्ये बसून ती त्याला कशी कळणार? उच्च न्यायालयानं सोडलं, सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं दोषी ठरवलं. मला स्वतःला अल्पमतातल्या न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं म्हणणं अधिक पटतं, पण चाचणीत गुण बहुमताला मिळतात.

कुस्तीत खांदा निखळला, तर आयोजकांवर दावा होतच नाही?

समोरच्या पैलवानावर होत नाही, कारण नियमातला डाव सोसण्याची तयारी ठेवूनच लंगोट लावलेला असतो. आयोजकांचं वेगळं. फडाची माती नीट खणली नाही, आत दगड राहिला आणि त्यावर पडून खांदा गेला, तर त्या दगडाला पैलवानानं संमती दिलेली नव्हती. नियमाबाहेर जाऊन बोट मोडलं तर समोरच्यावरही दावा लागतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे 'धोका माहीत होता' आणि 'धोका पत्करला' हे एक समजणं. उसाच्या फडात कामाला जाणाऱ्या मजुराला कोयता लागू शकतो हे माहीत असतंच. मुकादमानं मोडक्या दांड्याचा कोयता हातात दिला आणि पोटासाठी त्यानं तो चालवला, म्हणून तो राजी होता असं म्हणता येत नाही.

लॅटिन उच्चार चुकले तर गुण जातात का?

नाही. आमच्या कोर्टात 'साइन' म्हणणारे आहेत, 'सिने' म्हणणारे आहेत, आणि एक ज्येष्ठ वकील तर 'नेमो डाट' म्हणून थांबतात, पुढचं न्यायाधीशांनी समजून घ्यायचं. अर्जात लॅटिन लिहिण्यापेक्षा कलम लिहिलेलं बरं. सूत्र कलमाच्या विरोधात गेलं तर कलम जिंकतं. अर्ध्या मालकीच्या म्हशीत ते आपण पाहिलंच.

मी स्वतः नवा प्रसंग रचला, तर तो बरोबर आहे हे कसं ओळखू?

त्यातली एकच गोष्ट बदला आणि उत्तर फिरतं का बघा. मागच्या महिन्यात एका मुलीनं लिहून आणलं होतं: 'शेजाऱ्यानं भिंत उंच केली आणि आमच्या अंगणातलं ऊन गेलं, डॅम्नम साइन इंज्युरिया.' मी विचारलं, भिंत त्याच्या हद्दीत आहे? हो. तुमच्या खिडकीतून वीस वर्षं उजेड येत होता? तिनं घरी फोन लावला. आईनं सांगितलं, घर एकोणीस वर्षांपूर्वी बांधलंय.